चंद्रावर ढकललेली ट्रॉली: 12 हे उत्तर का चुकते?

सावली
नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. तिच्या सराव परीक्षेत पुढील बहुपर्यायी प्रश्न होता.

"गुळगुळीत आडव्या पृष्ठभागावर ठेवलेल्या 12 किलोग्रॅम वस्तुमानाच्या ट्रॉलीला 24 न्यूटन इतके आडवे बल लावले असता पृथ्वीवर तिचे त्वरण 2 मी/से² होते. तीच ट्रॉली चंद्रावर तशाच पृष्ठभागावर ठेवून तितकेच बल लावले, तर तिचे त्वरण किती होईल? (अ) 12 मी/से² (ब) 2 मी/से² (क) 0.33 मी/से² (ड) 0"

मुलीने (अ) निवडला आणि तो चुकीचा ठरला. तिचे म्हणणे असे की, चंद्रावर प्रत्येक वस्तू सहापट हलकी होते, हलकी वस्तू ढकलायला सोपी असते आणि बल तेवढेच आहे, म्हणून त्वरण सहापट झाले पाहिजे. बरोबर उत्तर (ब) आहे हे उत्तरपत्रिकेवर लिहिले आहे, पण त्याचे कारण दिलेले नाही. "वस्तुमान बदलत नाही" एवढे वाक्य तिला पाठ आहे. तरीही "हलकी वस्तू ढकलायला सोपी" हे तर रोजच्या अनुभवातले खरे आहे, मग ते इथे का लागू होत नाही, हा तिचा प्रश्न मला नीट सोडवता येत नाही. कृपया सविस्तर सांगावे.

दुर्गवेडा
उत्तर 2 हेच बरोबर आहे. 24 भागिले 12. या भागाकारात गुरुत्वाकर्षण कुठेच येत नाही, त्यामुळे ट्रॉली पृथ्वीवर आहे की चंद्रावर याने काहीही फरक पडत नाही.

तराजू
माझा व्यवसाय वजनकाट्यांच्या दुरुस्तीचा आहे, म्हणून लिहितो. मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. चंद्रावर ट्रॉलीचे 12 किलो कोणत्या काट्याने मोजले हे प्रश्नात सांगायला हवे होते. दोन पारड्यांच्या तराजूत एका बाजूला ट्रॉली आणि दुसऱ्या बाजूला प्रमाणित वजने ठेवली, तर दोन्ही बाजू सारख्याच हलक्या होतील आणि तराजू चंद्रावरही 12 किलोच दाखवील. पण दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा जसाच्या तसा तिकडे नेला, तर तो 2 किलोच्या आसपास आकडा दाखवील. म्हणजे एका काट्याने उत्तर 2 येते आणि दुसऱ्या काट्याने 12 येते.

वैशाली_शिक्षिका
तराजूदादा, काट्यांबद्दल तुम्ही जे लिहिले ते अगदी खरे आहे, पण प्रश्नात ट्रॉली कोणीही मोजत नाही. तिचे वस्तुमान 12 किलोग्रॅम आहे हे आधीच सांगितलेले आहे, आणि विचारले आहे ते त्वरण. इलेक्ट्रॉनिक काटा चंद्रावर 2 किलो दाखवतो, कारण तो आतल्या पट्टीवर पडणारा दाब जाणतो आणि पृथ्वीच्या हिशेबाने त्याचे किलोमध्ये रूपांतर करून दाखवतो. तो आकडा घेऊन 24 भागिले 2 केले की बरोबर 12 मी/से² येते, आणि तेच उत्तर (अ) आहे. सावलीताईंच्या मुलीने मनातल्या मनात हाच काटा वापरला आहे.

भास्कर_जोशी
मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. सावलीताई, मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर "हलकी वस्तू ढकलायला सोपी" या अनुभवातच दडलेले आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करू.

आपण जमिनीवर ठेवलेले धान्याचे पोते ढकलतो तेव्हा दोन निरनिराळ्या गोष्टी आपल्याला अडवत असतात. पहिली अडचण जमिनीच्या घर्षणाची आहे. पोते जमिनीवर जितके दाबून बसलेले असेल तितके घर्षण अधिक, आणि हा दाब पोत्याच्या वजनामुळे येतो. दुसरी अडचण अशी की, स्थिर असलेल्या पोत्याला गती द्यायलाच बल लागते, मग खाली बर्फ असो वा काहीही असो. ही दुसरी अडचण वस्तुमानाची आहे, वजनाची नाही.

पृथ्वीवर या दोन्ही अडचणी नेहमी एकत्र वाढतात आणि एकत्र कमी होतात. दुप्पट वस्तुमानाच्या पोत्याचे वजनही दुप्पट असते, त्यामुळे त्याचे घर्षणही दुप्पट आणि त्याला गती देण्याची अडचणही दुप्पट. आपल्या हातांना या दोघी वेगळ्या कधी भेटतच नाहीत, म्हणून त्या एकच आहेत असे मन धरून चालते. चंद्रावर पहिल्यांदाच त्या वेगळ्या होतात. वजन आणि त्याबरोबर घर्षण एक षष्ठांश होते, पण वस्तुमान आणि गती देण्याची अडचण जशीच्या तशी राहते. प्रश्नातल्या "गुळगुळीत" या शब्दाने घर्षण बाजूला काढले आहे. मग उरते ती फक्त दुसरी अडचण, आणि ती बदललेली नाही. म्हणून त्वरण 2 मी/से².

निरंजन_
भास्करसर, तुमचे विवेचन मान्य आहे, पण मुलीचे उत्तर पूर्ण चूक ठरवणे मला पटत नाही. खऱ्या आयुष्यात घर्षणरहित पृष्ठभाग कुठेच नसतो. चंद्रावर घर्षण एक षष्ठांश होते हे तुम्हीच म्हणता. मग प्रत्यक्षात ट्रॉली चंद्रावर सहापट सोपेपणाने ढकलली जाईल आणि त्वरण सहापट होईल. तिने व्यवहारातले उत्तर दिले आहे आणि परीक्षकाने पुस्तकी.

वैशाली_शिक्षिका
निरंजन, तुमच्या शंकेचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. पुढचा अर्धा भाग आकडे मांडले की टिकत नाही. प्रश्नातलीच ट्रॉली घेऊन मी हिशेब करते.

पृष्ठभाग थोडा खडबडीत आहे आणि घर्षण हे वजनाच्या एक दशांश इतके आहे असे धरू. पृथ्वीवर ट्रॉलीचे वजन सुमारे 118 न्यूटन, म्हणून घर्षण सुमारे 12 न्यूटन. 24 मधून 12 गेले, उरले 12, आणि त्वरण सुमारे 1 मी/से². चंद्रावर वजन सुमारे 20 न्यूटन, घर्षण 2 न्यूटन, उरलेले बल 22 न्यूटन, आणि त्वरण सुमारे 1.8 मी/से². म्हणजे चंद्रावर ढकलणे सोपे झाले हे खरे, पण सहापट नव्हे, दुपटीपेक्षाही थोडे कमीच.

निरंजन_
आणि पृष्ठभाग आणखी खडबडीत असेल तर? घर्षण वजनाच्या एक पंचमांश धरले, तर पृथ्वीवर ते साडेतेवीस न्यूटनच्या आसपास जाते आणि 24 मधून जेमतेम अर्धा न्यूटन उरतो. ट्रॉली पृथ्वीवर मुंगीच्या पावलांनी हलेल. चंद्रावर घर्षण 4 न्यूटन, उरलेले बल 20 न्यूटन, त्वरण सुमारे 1.7 मी/से². इथे तर फरक सहापटीपेक्षा कितीतरी अधिक झाला.

भास्कर_जोशी
निरंजन, हे उदाहरण तुम्ही फार चांगले काढले, आणि ते माझ्यापेक्षा तुम्हीच अधिक स्पष्ट केले आहे. पट कितीही येऊ शकते. ती घर्षणावर ठरते, आणि "सहा" या आकड्याला तिथे काही खास स्थान नाही. एका ठिकाणी मात्र सहा खराच येतो. ट्रॉली जागची हलवण्यापुरते जे किमान बल लागते, ते चंद्रावर एक षष्ठांश लागेल, कारण तिथे लढाई फक्त घर्षणाशी आहे. मुलीच्या मनातला "सोपी" हा अनुभव बहुधा या हलवण्याचाच आहे.

आता चंद्रावरच्या उत्तरांकडे पाहा. घर्षण थोडे असताना 1.8 आले, अधिक असताना 1.7 आले. घर्षण शून्य केले की 2 येते. त्याच्या पुढे जाण्याचा रस्ताच नाही, कारण घर्षण शून्याच्या खाली जात नाही. 24 न्यूटन बल 12 किलोग्रॅमला यापेक्षा जास्त त्वरण देऊच शकत नाही. म्हणून "गुळगुळीत" या शब्दाचा अर्थ कसाही लावला, तरी 12 मी/से² हे उत्तर कोणत्याही पृष्ठभागावर मिळणार नाही.

सावली
सर्वांचे मनापासून आभार. हा धागा मी मुलीला वाचून दाखवला. दोन अडचणींचा भाग तिला लगेच पटला, पण त्यावर तिने नवाच प्रश्न काढला आहे. ती म्हणते, "वस्तुमान बदलत नाही आणि त्वरण वस्तुमानावर ठरते, तर मग हातातून सोडलेला दगड चंद्रावर सावकाश का पडतो? तिथे त्वरण 9.8 वरून 1.63 होते असे पुस्तकातच दिले आहे. पडताना त्वरण बदलते आणि ढकलताना बदलत नाही, असे कसे?" तिला आता (क) हा पर्याय बरोबर वाटू लागला आहे, कारण 0.33 म्हणजे 2 चा सहावा भाग.

दुर्गवेडा
हा प्रश्न फार आवडला, म्हणून प्रयत्न करतो. त्वरण दोन गोष्टींवर ठरते, वस्तुमानावर आणि बलावर. ट्रॉली ढकलताना बल आपल्या हाताचे आहे, आणि प्रश्नात ते दोन्हीकडे 24 न्यूटन ठेवले आहे. दगड पडताना मात्र खाली ओढणारे बल म्हणजे त्याचे वजनच, आणि चंद्रावर तेच एक षष्ठांश झालेले असते. वस्तुमान तेच आणि बल सहावा भाग, म्हणून त्वरणही सहावा भाग. हीच ट्रॉली उंचावरून सोडली तर पृथ्वीवर 118 न्यूटन भागिले 12, म्हणजे 9.8. चंद्रावर 20 न्यूटन भागिले 12, म्हणजे 1.6 च्या थोडे वर. दोन्ही वेळा खाली भागायला 12 च आहेत.

भास्कर_जोशी
दुर्गवेडा यांचे उत्तर नेमके आहे. (अ) आणि (क) हे दोन्ही चुकीचे पर्याय एकाच गोंधळातून निघालेले आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. (अ) निवडणारा विद्यार्थी भाजकात वस्तुमानाच्या जागी वजन घालतो. (क) निवडणारा विद्यार्थी वर, बलाच्या जागी, वजन घालतो आणि हाताचे बल विसरतो. ज्याने प्रश्न काढला त्याने पर्याय विचारपूर्वक निवडले आहेत. शिक्षकाने केवळ चूक-बरोबर न पाहता कोणी कोणता चुकीचा पर्याय घेतला हे पाहिले, तर त्या मुलाला कुठून समजावायला सुरुवात करायची ते कळते.

वैशाली_शिक्षिका
मी वर्गात हे दाखवण्यासाठी व्हरांड्याच्या तुळईला सारख्याच लांबीच्या दोरांनी तेलाचे दोन रिकामे डबे टांगते. एकात काठोकाठ वाळू भरते आणि दुसरा रिकामा ठेवते. दोन्हींना बाहेरून सारखाच कागद चिकटवलेला असतो, त्यामुळे भरलेला कोणता ते दिसत नाही. मुलांनी फक्त एका बोटाने डबा आडवा ढकलायचा. डबा दोराने धरून ठेवलेला आहे, जमिनीला टेकलेला नाही, घर्षण जवळजवळ नाही. तरीही रिकामा डबा बोट लागताच निसटतो, आणि वाळूचा डबा बोटाचे टोक पांढरे पडेपर्यंत दाबले तरी आधी रेंगाळतो आणि मग सावकाश निघतो. "वजन तर दोराने पेलले आहे, मग तुझ्या बोटाला कोण अडवते आहे?" एवढाच प्रश्न मी विचारते. सावलीताई, हे घरीही सहज करता येईल. दोर मात्र शक्य तितका लांब घ्यावा.

भास्कर_जोशी
वैशालीताई, प्रयोग उत्तम आहे, पण त्यात एक धोका आहे आणि तो आधीच माहीत असलेला बरा. ढकलल्यानंतर डबे झोके घेऊ लागले की दोन्हींच्या झोक्याला सारखाच वेळ लागतो. चुणचुणीत मूल लगेच म्हणेल की भरलेला आणि रिकामा डबा सारखेच हलतात, म्हणजे वस्तुमानाने काही फरक पडत नाही. तिथे डब्याला परत मध्यावर आणणारे बल गुरुत्वाकर्षणाचेच असते. भरलेल्या डब्यावर ते तितक्याच पटीने मोठे असते, आणि दोन्ही परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून पहिल्या वीतभर अंतरात जे घडते तेवढेच पाहावे.

गुरुत्वाकर्षण पूर्णपणे बाजूला काढायचे असेल, तर धातू कापण्याच्या करवतीचे लांब पाते घ्यावे. त्याचे एक टोक टेबलाच्या कडेला घट्ट आवळावे आणि मोकळ्या टोकाला मातीचा गोळा चिकटवावा. पात्याची रुंद बाजू उभी असली पाहिजे, म्हणजे ते वरखाली न हलता डावीउजवीकडे हलते. आता परत ओढणारे बल पात्याच्या लवचिकपणाचे आहे, आणि गोळा मोठा केला की हेलकावा सावकाश होतो. चौपट वस्तुमान चिकटवले की एका हेलकाव्याला सुमारे दुप्पट वेळ लागेल. पात्याचे स्वतःचे वस्तुमानही हलत असल्यामुळे हिशेब तंतोतंत जुळणार नाही. हेच पाते चंद्रावर नेले तरी हेलकाव्याचा वेळ तोच राहील. फक्त पाते फार लांब असले, तर गोळ्याच्या भाराने ते पिळवटते आणि घोटाळा होतो.

पद्मजा_ह्यूस्टन
भास्करसरांनी सांगितलेल्या पात्याच्या तत्त्वावरच अंतराळवीरांचे मोजमाप होते. 1973 मध्ये स्कायलॅब या अवकाशस्थानकात अंतराळवीर स्प्रिंगला जोडलेल्या खुर्चीवर बसत, खुर्ची मागेपुढे हेलकावत असे आणि हेलकाव्याच्या वेळेवरून शरीराचे वस्तुमान काढले जाई. तिथे साधा काटा शून्य दाखवतो, पण माणसाचे वस्तुमान तर शून्य झालेले नसते, आणि दीर्घ मुक्कामात ते किती घटले हे डॉक्टरांना हवे असते. आताच्या आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकातल्या एका उपकरणात माणसाला ठरावीक बलाने ओढतात आणि किती त्वरण आले ते मोजतात. म्हणजे मुलीच्या प्रश्नातलाच भागाकार, फक्त उलट बाजूने.

चंद्राचे उदाहरणही आहे. 1969 मध्ये अपोलो 11 च्या वेळी बझ ऑल्ड्रिन यांनी चंद्रावर चालून पाहताना सांगितले होते की, आपला तोल नेमका कुठे आहे याकडे लक्ष ठेवावे लागते आणि पाय पुन्हा शरीराखाली आणायला दोनतीन पावले लागतात. सूट आणि पाठीवरच्या सामानासह तिथल्या माणसाचे वस्तुमान दीडशे किलोच्या पुढे होते. उभे राहायला ते अंग हलके वाटते, पण चालू लागल्यावर थांबवायचे ते पूर्ण दीडशे किलोच. शिवाय पायाखालची पकड सहापट कमी झालेली असते.

तराजू
पद्मजाताई, ही माहिती फार मोलाची आहे. माझ्या कामातला अनुभव सांगतो. सोन्याचा अगदी बारीक काटा एका गावाहून दुसऱ्या दूरच्या गावी नेला, की प्रमाणित वजन ठेवून तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. गुरुत्वाकर्षण पृथ्वीवरही सगळीकडे सारखे नाही. विषुववृत्तावर ते 9.78 आहे आणि ध्रुवांजवळ 9.83, म्हणजे न जुळवता नेलेला काटा एका किलोमागे 5 ग्रॅमपर्यंत फरक दाखवू शकतो. एवढ्या लांब कोणी काटा नेत नाही, आणि भाजीच्या काट्यावर असा फरक दिसणारही नाही. पण सोन्यात मिलिग्रॅमची किंमत होते. जुळवताना आम्ही नेमके हेच करतो, की काट्याला जाणवते ते बल आणि गिऱ्हाईक पैसे देते ते वस्तुमानाचे, या दोघांची गाठ त्या ठिकाणापुरती पुन्हा मारून देतो. पारड्यांच्या तराजूला याची गरज कधीच पडत नाही.

निरंजन_
आता मूळ प्रश्नाकडे येतो. उत्तर 12 येऊ शकत नाही हे मला पूर्ण पटले. माझा आक्षेप आता फक्त शब्दरचनेवर आहे. "गुळगुळीत" म्हणजे "घर्षणरहित" असे नववीच्या मुलाने गृहीत का धरावे? गुळगुळीत फरशीवरही घर्षण असतेच. प्रश्नात "घर्षण नगण्य मानावे" असे स्पष्ट लिहिले असते, तर मुलीला ते दोन भाग वेगळे करण्याची खूण मिळाली असती.

वैशाली_शिक्षिका
मला उलट वाटते. प्रश्नात पृथ्वीवरचे त्वरण 2 मी/से² दिलेले आहे, आणि 24 भागिले 12 हेही 2 च येतात. म्हणजे घर्षणाने काहीही खाल्लेले नाही, ही माहिती आकड्यांतच आहे. ती शोधून काढणे हाच त्या प्रश्नाचा अर्धा भाग आहे. सरळ लिहून दिले तर मूल विचार न करता भागाकार करून मोकळे होईल आणि त्याच्या मनातला गोंधळ तसाच राहील.

निरंजन_
वैशालीताई, पाठ्यपुस्तकाला सरावलेल्या मुलासाठी हे ठीक आहे. पण ज्या मुलाने आकडे पडताळून पाहण्याची सवयच लावलेली नाही, त्याचे गुण केवळ एका शब्दामुळे जातात, आणि त्याला वस्तुमान कळले होते की नाही हे परीक्षकाला शेवटपर्यंत कळत नाही. मी स्वतः प्रश्न काढला असता तर दोन भाग केले असते. पहिल्यात घर्षण नाही असे सांगून त्वरण विचारले असते, आणि दुसऱ्यात तीच ट्रॉली जागची हलवायला पृथ्वीवर 12 न्यूटन लागत असतील तर चंद्रावर किती, असे विचारले असते.

भास्कर_जोशी
दुसऱ्या भागाचे उत्तर 2 न्यूटन, आणि तिथे मुलीचे "सहापट" बरोबर ठरेल. ही जोडी मला आवडली. दोन्ही भाग शेजारी असले, तर कुठे सहा येतो आणि कुठे येत नाही ते मुलाला स्वतःच पाहावे लागते. शब्दरचनेच्या वादात मात्र मी अजून कोणाच्याच बाजूने नाही.

सावली
निरंजन यांचा दोन भागांचा प्रश्न मी मुलीला वहीत लिहून दिला. तिने पहिल्या भागाला 2 मी/से² आणि दुसऱ्याला 2 न्यूटन असे लिहिले. आता ती विचारते आहे की चंद्रावर ती ट्रॉली भिंतीवर आदळली तर भिंतीला कमी लागेल का.

दुर्गवेडा
वेग तोच असेल तर भिंतीला अगदी तितकेच लागेल. तिला विचारा की थांबवायचे आहे ते ट्रॉलीचे वजन की वस्तुमान.